दार आतून लावल्यावर

तुकोबांचा 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' हा अभंग आपल्याकडे वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात हमखास म्हटला जातो, आणि बहुतेक वेळा पहिल्या ओळीवरच थांबतो. तो पुढे 'येणें सुखें रुचे एकांताचा वास' असं म्हणतो, आणि शेवटी येतं, 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी'. तुकोबा 'संवाद' या शब्दावर थांबले असते तर भंडाऱ्याचा डोंगर हे विश्रांतीचं ठिकाण ठरलं असतं. पण पुढच्याच चरणात ते त्याला वाद म्हणतात, आणि तो दुसऱ्या कुणाशी नाही. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेला हा माणूस डोंगरावर जाऊन बसला तेव्हा तिथे झाडं होती, पाखरं होती आणि भांडायला एकच माणूस होता.

एकांतवासाबद्दल आज आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, गुहेत बसणारा पळपुटा आहे, समाजाचं अन्न खाऊन समाजाला काही देत नाही. दुसरं म्हणतं, एकांत म्हणजे शांती, ती ज्याला परवडते त्याने चार-आठ दिवस घ्यावी, आणि त्यासाठी डोंगरात खोल्या बांधून द्यायला हल्ली पुष्कळ लोक तयार असतात. दोन्ही मतांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: दार लावलं की आत शांतता असते. ज्या परंपरांनी माणसं खरोखर वर्षानुवर्षं एकटी बसवली, त्यांचा अनुभव याच्या उलट आहे. म्हणून कुणाला आत जाऊ द्यायचं, किती दिवस, आणि बाहेर कोण उभं राहणार, हे प्रश्न मला सार्वजनिक वाटतात. त्यांची उत्तरं प्रत्येकाच्या आवडीवर आणि खिशावर सोडून देता येत नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं नीट मांडायला मी इजिप्तच्या वाळवंटात जाणार आहे. आपल्याकडे गुहांची आणि तपस्व्यांची वाण नाही. पण एकांत आतून कसा असतो, कोणता विचार किती वाजता येतो, कशामागून काय येतं, याची इतकी बारकाईने लिहिलेली नोंद मला दुसरीकडे फारशी सापडलेली नाही.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेला नित्रिया नावाची ख्रिस्ती तपस्व्यांची मोठी वस्ती होती. चौथ्या शतकात ती इतकी भरली की तिथला एकांत संपला. तेव्हा अमून नावाच्या वडीलधाऱ्या तपस्व्याने महान अँटनीला विचारलं की ज्यांना आणखी एकटं राहायचं आहे त्यांच्यासाठी नवी जागा कुठे करावी. जुनी कथा सांगते की दोघांनी दुपारी तीनच्या सुमारास दिवसाचं एकमेव जेवण केलं, मग सूर्य मावळेपर्यंत वाळवंटात चालत गेले, आणि जिथे पोचले तिथे क्रूस रोवला. अंतर असं ठरवण्यामागचं कारण मला फार आवडतं. नित्रियातल्या माणसाने जेवून निघावं आणि अंधार पडायच्या आत एकांतातल्या भावाकडे पोचावं, इतकंच ते लांब हवं होतं. म्हणजे एकांताची जागा मोजतानाच भेटीची वाट मोजली गेली. या जागेला केलिया म्हणत. या शब्दाचा अर्थ 'खोपट्या', साधकांच्या कोठड्या. एका खोपटीतून दुसरी दिसू नये, तिथला आवाज ऐकू येऊ नये, इतकं अंतर राखून त्या बांधलेल्या. 1964 साली ही जागा पुन्हा सापडली. वाळूखाली मातीच्या विटांच्या खोल्या आणि पूर्वेच्या भिंतीत प्रार्थनेचा कोनाडा, असं बरंच काही निघालं.

आठवड्याचे पाच दिवस माणूस तिथे एकटा. ताडाच्या पात्यांच्या दोऱ्या वळायच्या, टोपल्या विणायच्या, त्या विकून पाव घ्यायचा. तोंडाने स्तोत्रं चालू. दिवसातून एकदा जेवण, तेही सुकवलेला पाव, मीठ, कधी थोडं तेल. शनिवारी आणि रविवारी सगळ्यांनी मधल्या प्रार्थनामंदिरात एकत्र यायचं.

इथे 385 च्या सुमारास इव्हाग्रिउस आला. काळ्या समुद्राजवळच्या पोंतस प्रांतातला, उत्तम शिकलेला, कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठात नाव कमावलेला, वादात भल्याभल्यांना गप्प करणारा. तिथे तो एका बड्या घरातल्या विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला. प्रकरण गळ्याशी येण्याआधी शहर सोडून जेरुसलेमला गेला, तिथे पुन्हा छानछोकीत रमला, मग लांबलेल्या आजारपणात मेलानिया नावाच्या तपस्विनीने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि त्याला इजिप्तला धाडलं. दोन वर्षं नित्रियात, चौदा वर्षं केलियात. 399 साली तो तिथेच गेला. पोथ्यांच्या नकला करून पोट भरायचा. दिवसाला अर्ध्या शेराहून कमी पाव आणि तीन महिन्यांना एक लहान माप तेल, असा त्याचा आहार त्याच्या शिष्याने, पालादिउसने, नोंदवला आहे.

म्हणजे पळपुटेपणाचा आरोप करायचाच तर हा नमुना अगदी योग्य आहे. तो खरोखरच पळून आला होता. पण पळून आल्यावर काय झालं, ते त्याने लिहून ठेवलं, आणि त्यातलं एक निरीक्षण एकांतवासाचा सगळा उद्देश उघड करतं. तो म्हणतो, संसारी माणसाशी सैतान वस्तूंच्या द्वारे लढतो. एकत्र राहणाऱ्या साधूंशी आळशी, बेफिकीर सोबत्यांच्या द्वारे लढतो. आणि एकट्याशी मात्र हत्यार टाकून थेट विचारांच्या रूपाने झुंजतो. आज सैतान शब्द बाजूला ठेवला तरी निरीक्षण तसंच उभं राहतं. घरात राग आला की राग आणणारा समोर असतो. तो समोर असेपर्यंत राग त्याचा आहे असं वाटतं. तो दूर केला, सगळेच दूर केले, आणि राग तरीही आला, तर तो कुणाचा?

वाळवंटातल्या लोकांमध्ये याची एक गोष्ट सांगत. एक साधू मठात सारखा चिडायचा. त्याला वाटलं, इथल्या माणसांमुळे आपण चिडतो, एकटे राहिलो की हे संपेल. तो निघून गेला. एक दिवस त्याने पाण्याचं भांडं भरून जमिनीवर ठेवलं, ते कलंडलं. पुन्हा भरलं, पुन्हा कलंडलं. तिसऱ्यांदा कलंडलं तेव्हा त्याने रागाने ते फोडलं. भानावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की इथे कोणीही नाही आणि आपण हरलो आहोत, आणि तो उठून मठात परत गेला. त्या भांड्याने जे दाखवलं ते मठात वीस वर्षं राहून दिसलं नसतं. खोपटीचं काम हे असं दाखवण्याचं आहे. आतलं जे जळून जायला हवं, ते त्यानंतर जळतं.

मग जळायचं काय? इव्हाग्रिउसने आठ विचारांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व. पुढे दोनेकशे वर्षांनी पोप ग्रेगरीने हीच यादी फिरवून-जुळवून सात पापांची केली आणि ती जगभर गेली. पण पाप हा शब्द आला आणि मूळ गोष्ट हरवली. इव्हाग्रिउससाठी हे 'विचार' होते, येणारे-जाणारे. ते यावेत की न यावेत हे आपल्या हाती नाही, ते रेंगाळावेत की नाही एवढंच आपल्या हाती आहे, असं तो स्वच्छ सांगतो. त्यासाठी त्याने साधकाला दिलेलं काम वैद्याच्या कामासारखं आहे: विचार कधी तीव्र होतो, कधी मंदावतो, कोणता कुणाच्या मागून येतो, कोणता एकटाच येतो, हे टिपत राहा. आपल्या षड्रिपूंशी ही यादी बरीच जुळते. पण खिन्नता आणि उबग या दोघी आपल्या यादीत नाहीत, आणि एकटं बसणाऱ्याला सर्वांत आधी त्याच गाठतात.

उबगेचं त्याने केलेलं वर्णन सोळाशे वर्षांनंतरही वाचताना अंगावर येतं. ग्रीक शब्द अकेदिया. हा भर दुपारचा सैतान, सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. आधी सूर्य हललाच नाही असं वाटायला लागतं, दिवस पन्नास तासांचा होतो. मग माणूस सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे ते उन्हावरून मोजतो, कुणी भाऊ येतोय का म्हणून इकडेतिकडे पाहतो. मग जागा नकोशी होते, हे जगणं नकोसं होतं, हाताने करायचं काम नकोसं होतं. इथल्या लोकांत प्रेमच उरलं नाही असं मनात येतं. कुणी अलीकडे दुखावलं असेल तर ते नेमकं तेव्हाच आठवतं. मग दुसरी जागा दिसू लागते, जिथे पोट भरणं सोपं आहे आणि देव तर सगळीकडेच आहे. मग घरची माणसं आठवतात, आणि पुढे पसरलेलं लांबलचक म्हातारपण.

क्रम बघा. कंटाळ्यापासून सुरुवात होते आणि शेवटी एक पूर्ण समर्थन तयार होतं, तेही धार्मिक भाषेत. देव सगळीकडे आहे, हे खोटं नाही, पण दुपारी बारा वाजता ते वाक्य कोण बोलतंय हे ओळखणं हाच अभ्यास. त्यावरचा उपाय साधा आणि कठीण आहे: उठून जायचं नाही. वळत असलेली दोरी वळत राहायची. या झटापटीनंतर लगेच दुसरा कुठला विचार येत नाही, मागोमाग एक शांत आनंद येतो, असं तो म्हणतो.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सातव्या विचाराबद्दल तो जे सांगतो ते. लौकिकाची हाव. पोट, देह, पैसा यांच्यावर थोडी मात केलेल्या माणसाला ही पकडते, आणि तीही जिथे बघणारं कोणी नाही तिथे. साधक एकटा बसलेला असतो आणि मनात दिसू लागतं: आजारी लोक आपल्यामुळे बरे होताहेत, दाराशी गर्दी लोटली आहे, लोक वस्त्राला हात लावताहेत, आपल्याला पुरोहित करण्यासाठी माणसं आली आहेत, आपण नको म्हणतोय, तरी ते बांधून न्यायला तयार आहेत. 'नको म्हणतोय' हा तपशील ज्याने आतून पाहिलं त्यालाच सुचेल. दाराबाहेर निर्जन वाळवंट आणि दाराआत भरलेलं सभागृह.

एकांताने जे जाळायचं ते हे सभागृह, असं माझं मत आहे. आपण दिवसभर कुणाच्या तरी डोळ्यांसमोर जगतो, आणि ते डोळे हळूहळू आत येऊन बसतात. राग येतो तो त्या प्रेक्षकांपुढे आपली बाजू मांडत येतो. खिन्नता येते तीही 'कुणाला माझी किंमत नाही' असं त्यांनाच सांगत. वस्तू, माणसं, कामं काढून घेतली तरी ते डोळे उठत नाहीत, उलट त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. आठवडा-पंधरवड्यात ते जात नाहीत. खोपटीत पाच वर्षं काढलेल्या माणसाकडेही ते नव्या कपड्यांत येतात, कारण आता त्याच्याजवळ दाखवण्यासारखं जास्त असतं, त्याचा एकांत.

हे जळालं की नाही, हे कसं ओळखायचं? इव्हाग्रिउसच्या खुणा चमत्काराच्या नाहीत. झोपेत येणाऱ्या चित्रांपुढे मन शांत राहतं का. ज्याने दुखावलं त्याची आठवण आली तर आत काही तापतं का. आणि सगळ्या शांतीचं अपत्य म्हणजे प्रेम, असं तो म्हणतो. शांती आली आणि प्रेम आलं नाही तर ती शांती नव्हे. दुर्गम गुहेत द्वेष उराशी धरून एकट्याने राहण्यापेक्षा हजार माणसांत प्रेमाने राहिलेलं बरं, हे वाक्य चौदा वर्षं खोपटीत बसलेल्या माणसाचं आहे.

आता बिघडलेल्यांकडे. पालादिउस स्वतः केलियात नऊ वर्षं राहिला होता, आणि त्याने यशाइतकीच अपयशंही लिहून ठेवली. त्यातलं एक व्हालेन्सचं.

व्हालेन्स पॅलेस्टाईनचा, वाळवंटात अनेक वर्षं काढलेला, देहाला खूप कष्टवणारा. एके रात्री अंधारात टोपली शिवताना त्याची सुई हरवली. अचानक उजेड दिसला आणि सुई सापडली. गोष्ट एवढीच, पण त्याने ती स्वतःबद्दलची खूण मानली. मग एकदा कुणी पाहुण्यांनी प्रार्थनामंदिरात सुका मेवा आणला. मकारिउस नावाच्या वडीलधाऱ्याने तो मूठमूठ वाटून प्रत्येकाच्या खोपटीत पाठवला. व्हालेन्सने तो घेऊन आलेल्या माणसाला शिव्या दिल्या, मारलं आणि निरोप दिला की मला प्रसाद पाठवायला मी काही तुझ्याहून खालचा नाही. मकारिउस दुसऱ्या दिवशी स्वतः आला, तुझी फसगत होते आहे म्हणून विनवू लागला. व्हालेन्सने ऐकलं नाही. मग एका रात्री हजार देवदूत दिवे घेऊन आले, अग्नीचं चक्र दिसलं, त्यात स्वतः ख्रिस्त. व्हालेन्स बाहेर गेला आणि पाया पडला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, मला प्रसादाची गरज नाही, मी आज ख्रिस्ताला पाहिलंय. तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला वर्षभर बेड्या घालून ठेवलं, त्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याचं कौतुक थांबवलं, त्याची कठोर दिनचर्या सैल केली, आणि तो बरा झाला.

बेड्यांचं समर्थन मी करणार नाही. पण निदान कुठे झालं ते बघावं. दिव्यांच्या मिरवणुकीवरून ते झालं नाही, ते आधीच मेव्यावरून झालं होतं. मकारिउस दर्शनाच्या आधी आला होता. माणूस आत काय पाहतो हे बाहेरच्याला कळत नाही. तो दारात आलेल्या खाऊ देणाऱ्याशी कसा वागतो हे मात्र दिसतं. म्हणून दारात कोणीतरी येत राहणं गरजेचं होतं.

दुसरा हेरॉन, अलेक्झांड्रियाचा तरुण, बुद्धिमान, स्वच्छ वागणुकीचा. पालादिउसच्या शेजारीच राहायचा. जेवण इतकं कमी की तीन-तीन महिने एकदाच खातो अशी ख्याती. पालादिउसने त्याच्याबरोबर स्केतीस या तपस्व्यांच्या दुसऱ्या वस्तीपर्यंत चाळीस मैल पायी केले. बाकीचे दोनदा जेवले, तीनदा पाणी प्याले, हेरॉन काहीही न घेता स्तोत्रं म्हणत सगळ्यांच्या पुढे. हाच हेरॉन इव्हाग्रिउसला म्हणाला, तुझ्या शिकवणीवर चालणारे फसलेले आहेत, ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या गुरूची गरजच काय. पुढे एक दिवस आतून अशी आग लागली की त्याला खोपटीत बसवेना. तो अलेक्झांड्रियाला गेला आणि नाटकं, घोड्यांच्या शर्यती, दारूचे गुत्ते यांत बुडाला. काही काळाने भयंकर दुखणं घेऊन तो परत वाळवंटात आला, वडीलधाऱ्यांना सगळं सांगितलं आणि थोड्या दिवसांत वारला. चाळीस मैल उपाशी चालू शकणाऱ्याला कोणता आधार नव्हता? शरीर त्याचं ऐकत होतं. मनात काय चाललंय हे ज्याला सांगावं असा एकही माणूस त्याने ठेवला नव्हता. वाळवंटात हीच मुख्य शिस्त होती: दिवसात आलेला विचार, विशेषतः जो सांगायला लाज वाटते तो, आपल्या 'अब्बा'ला सांगायचा. अब्बा म्हणजे बाबा.

आपल्याकडे हेच काम एका लहान बहिणीने केलं आहे. लोकांच्या निंदेने दुखावलेल्या ज्ञानदेवांनी खोपटीची ताटी आतून लावून घेतली तेव्हा मुक्ताबाई बाहेर उभी राहिली, असं परंपरा सांगते. 'योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा ॥ विश्व रागें झालें वन्हि । संतें सुखें व्हावें पाणी ॥' आणि प्रत्येक वेळी 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा'. मुक्ताबाई योगिनी होती, नाथपरंपरेतली होती. तिच्या थोरल्या भावाला, निवृत्तिनाथांना, ब्रह्मगिरीच्या गुहेतच गहिनीनाथांचा उपदेश झाला अशी कथा आहे. ती एकांताच्या विरोधात कशी असेल? तिचा आक्षेप दार कशाने लागलंय यावर आहे. जगाच्या रागाने लावलेलं दार आतला राग जपतं. ताटीमागे बसलेल्याला ते दिसत नाही, बाहेर उभी असलेली ती मात्र ओळखते. केलियाचा मकारिउस आणि आळंदीची मुक्ताबाई यांच्यात आठ-नऊशे वर्षं आणि अर्धं जग आहे, आणि दोघं एकाच ठिकाणी उभे आहेत.

यावरून मी आजच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या ओळखीतला एक तरुण दोन वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका केंद्रात अंधारकोठडीत दहा दिवस राहायला गेला. पैसे भरले, फॉर्म भरला, खोली मिळाली. जेवणाचं ताट खालच्या झडपेतून यायचं. चौथ्या रात्रीपासून झोप उडाली. सहाव्या दिवशी त्याला कळलं की त्याच्याकडे काही मोठं कार्य सोपवलं आहे. हे तो मला सांगत होता तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंद होता, आणि त्याची आई शेजारी बसून रडत होती. ताट आणणाऱ्या मुलाला त्याने विचारलं होतं की इथे बोलायला कोण आहे. उत्तर मिळालं, शेवटच्या दिवशी सगळ्यांशी बोलतात. पुढे चार महिने औषधं. तो आता बरा आहे. त्या केंद्राने त्याला व्हालेन्ससारखी बेडी घातली नाही, हे खरं. पण मकारिउसही पाठवला नाही.

एकाकी कोठडी माणसाला काय करते हे तुरुंगांवरून जगाला ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांनुसार, दिवसातले बावीस तास वा त्याहून अधिक काळ अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय ठेवणं म्हणजे एकांतकोठडी, आणि ती सलग 15 दिवसांपेक्षा जास्त देण्यास मनाई आहे. कोणी म्हणेल, साधक स्वेच्छेने जातो, कैदी नाही. फरक मोठा आहे, मान्य. पण स्वेच्छा दार लावताना असते. सहाव्या दिवशी झोप न झालेल्या मेंदूत ती कितपत शिल्लक असते? भिंतींना आपण कशासाठी आत आलो ते माहीत नसतं. कैद्यासाठी निदान एक मर्यादा लिहून ठेवली आहे. पैसे भरून आत गेलेल्यासाठी ती कोण मोजतं?

योग्य व्यवस्था कशी असते याचा नमुना शोधायला दूर जावं लागत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात पॅगोड्यात लहान लहान एकेकट्यासाठीच्या खोल्या आहेत, त्यांना पाली परंपरेतला 'शून्यागार' हाच शब्द वापरतात. तिथे वीस किंवा तीस दिवसांच्या शिबिराला थेट प्रवेश मिळत नाही. आधी दहा दिवसांची अनेक शिबिरं, एक सतिपट्ठान शिबिर, रोजच्या साधनेची सलग दोन वर्षं आणि ओळखणाऱ्या आचार्यांची शिफारस लागते. मौन असलं तरी आचार्यांना प्रश्न विचारता येतात. राहण्याजेवण्याचे पैसे घेत नाहीत, दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडून. यामुळे कुणालाच त्रास होत नाही असा दावा मी करत नाही. पण एक गोष्ट या रचनेत पक्की आहे: आत सोडणाऱ्याला 'तू अजून नको' असं म्हणता येतं, आणि म्हटल्याने त्याचं उत्पन्न बुडत नाही. खोलीचं भाडं घेणाऱ्याला हे म्हणणं जड जातं, मग तो माणूस कितीही सज्जन असो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जी केंद्रं दिवसचे दिवस माणसाला एकटं किंवा अंधारात ठेवतात त्यांनी आत सोडण्यापूर्वी त्याचा सराव आणि मनाच्या आजारांचा इतिहास माणसाने समोर बसून विचारावा. रोज एकदा कुणीतरी, ज्याला या वाटेचा अनुभव आहे, त्याने साधकाशी पाच मिनिटं बोलावं. आणि झोप सलग दोन रात्री गेली की शिबिर तिथेच थांबावं, पैसे परत मिळोत वा न मिळोत. पोर्टल, परवाने, निरीक्षक यांच्याआधी हे तीन नियम केंद्रांनी स्वतःहून लावून घ्यायला काहीच हरकत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे, तो मी टाळणार नाही. गुरूला दाराची किल्ली दिली की तो तिचा गैरवापर करू शकतो, आणि केल्याची उदाहरणं आपल्या आसपास कमी नाहीत. मनातलं सगळं ज्याला सांगायचं तोच सौदा करणारा निघाला तर? वाळवंटातही याचं सोपं उत्तर नव्हतं. पण एक आडकाठी होती: अब्बा स्वतः त्याच वाळवंटात, तसाच सुका पाव खाऊन, तेवढ्याच खोपटीत राहायचा, आणि दर शनिवारी त्याला बाकीच्या सगळ्यांत येऊन बसावं लागायचं. इव्हाग्रिउसलाही तिथल्या एका वडीलधाऱ्याने सर्वांसमोर ऐकवलं होतं की तुझ्या देशात असतास तर आतापर्यंत मोठा धर्माधिकारी झाला असतास, इथे तू परदेशी आहेस. तो मान खाली घालून गप्प बसला. ज्या गुरूला असं कोणी बोलू शकत नाही, त्याच्या हाती किल्ली देऊ नये.

आणि पळपुटेपणाचा आरोप करणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की खऱ्या एकांतवासाचा खर्च फार मोठा नसतो. इव्हाग्रिउसचा रोजचा पाव तो स्वतः नकला करून मिळवत होता. टोपल्या विणणाऱ्यांचंही तसंच. समाजाने त्यांना मुख्यतः दिला तो वेळ, आणि लक्ष ठेवण्याचे कष्ट.

केलियात ते लक्ष कसं ठेवत, त्याचं जुन्या प्रवासवर्णनात एक वर्णन आहे. आठवडाभर कुणी कुणाच्या खोपटीकडे फिरकत नसे, तिथली शांतता मोडायची हिंमत कुणी करत नसे. शनिवारी सगळे प्रार्थनेला जमत. एखादी जागा रिकामी दिसली की सगळ्यांना कळे, तो आजारी असणार. मग ते त्याच्याकडे जात. एकदम सगळे नाही, वेगवेगळ्या वेळी, एकेक जण, आपल्याकडे जे काही असेल ते हातात घेऊन.